चित्रातल्या मगाचा कान

तेनमोकू हे लोखंडाचं ग्लेझ, म्हणजे मातीच्या भांड्यावर भट्टीत बसणारा काचेसारखा लेप. जाड बसलं की काळं होतं आणि पातळ झालं की तांबूस. भट्टीत वितळल्यावर ते कडेवरून आणि कानाच्या धारेवरून खाली ओघळतं, तिथला थर पातळ होतो आणि गंजासारखा रंग उमटतो. सांध्याच्या खाचेत साचतं तिथे मात्र काळंभोर राहतं. या ग्लेझमधली मगांची नवी खेप मी करायला घेतली होती. मग चाकावर वळून झाले होते, कान लागले होते, पण अजून पहिली भाजणीही व्हायची होती. आणि नोंदणी तर आधीच उघडायला हवी होती, कारण अर्धी भट्टी लावण्यात काही अर्थ नसतो आणि पुढचे किती मग वळायचे हे नोंदणी बघूनच ठरतं. दाखवायला हातात मग नाही, म्हणून चित्र तयार करून घेतलं. चित्र बनवणाऱ्या एआय साधनाला आकार, ग्लेझ, लाकडी टेबल, डावीकडून येणारा खिडकीचा उजेड, असं सगळं वर्णन दिलं आणि आलेल्या चित्रांपैकी सगळ्यात देखणं होतं ते माझ्या ऑनलाइन दुकानावर लावलं. खाली लिहिलं, ‘चित्र नमुन्यादाखल’.

चित्र खरोखरच देखणं होतं. ग्लेझची चकाकी, काठावरचा उजेड, पोटावरच्या वळ्या, सगळं झक्क. नोंदणी सुरू झाली, आणि थोड्याच वेळात एका बाईंचा निरोप आला: “ताई, या मगाचा कान खाली टेकलेला दिसत नाही. तसाच येणार आहे का?”

चित्र मोठं करून बघितलं. कान वर काठाच्या किंचित खाली व्यवस्थित चिकटला होता. तिथून सुंदर वळण घेऊन खाली येत होता, आणि पोटाजवळ पोहोचता पोहोचता निमुळता होऊन सावलीत विरून गेला होता. टेकला होता म्हणावं तर सांधा नाही. सुटा होता म्हणावं तर टोक नाही. एकदा ते दिसल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. टेबलाची मागची कड मगाच्या डावीकडे एका उंचीवर होती आणि कानाच्या भोकातून दिसणारी तीच कड बरीच खाली होती. मगाची सावली टेबलावर पडली होती, त्यात कानाचीही सावली होती, पण ती भरीव. कानाला भोक आहे हे सावलीला कुणी सांगितलंच नव्हतं.

लोक मग विकत घेताना काय बघतात हे प्रदर्शनात उभं राहून पुष्कळ बघितलं आहे. रंगावर नजर जाते, पण हात जातो तो कानाकडे. बोटं आत घालून बघतात, दोन मावतात की तीन, खालचं बोट गरम भिंतीला टेकतं का, उचलल्यावर तोल कुठे जातो. पडद्यावर बोटं घालता येत नाहीत, म्हणून लोक चित्र मोठं करून तीच जागा बघतात. त्यामुळे निरोप येत राहिले. एकाने विचारलं, खालून मोकळ्या कानाचं हे मुद्दाम केलेलं डिझाइन आहे का. प्रश्न रास्त होता, कारण असे कान असतात, आणि काहींना ते आवडतातही. दुसऱ्या एकीला भीती वाटत होती की उकळतं काही ओतलं आणि कान हातात राहिला तर काय. आणि एका गिऱ्हाइकाने, जो स्वतः चाकावर बसणारा निघाला, सरळच लिहिलं: “पोटावर तांबूस आणि सांध्यात तांबूस, धारेवर मात्र काळं. तेनमोकू असं उलटं फुटत नाही. हा मग भट्टीतून आलेला नाही.”

त्याचं बरोबर होतं. ती चूक बाकी कुणाच्या लक्षात आली नव्हती, पण मला ती कानापेक्षा जास्त लागली.

भीती वाटणाऱ्या बाईंना नीट उत्तर द्यायचं ठरवलं, कारण त्यांच्या शंकेत तथ्य होतं. माझा मग साधारण 300 मिली पाण्याचा. मगाचं स्वतःचं वजन 350 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे भरला की साडेसहाशे ग्रॅम कानावर लटकतात, आणि तेही बोटांच्या एकाच बाजूला. अशा वेळी वरचा सांधा भिंतीपासून ओढला जातो आणि खालचा भिंतीवर दाबला जातो. भाजलेली माती दाब मजेत सोसते, ताण मात्र तिला झेपत नाही. म्हणून जोर टिकवायचा असतो तो वरच्या सांध्याचा, आणि खालचा सांधा टेकू देतो. तो टेकू काढला तर ओढ आणि मुरड दोन्ही एकट्या वरच्या सांध्यावर येतात.

आणि सांधा हा मुळात मातीच्या ओलाव्याचा मामला आहे. मग वळून झाला की तो अर्धवट सुकू द्यायचा, बोटाने दाबला तर आकार न मोडता किंचित खूण उमटेल इतपत. कान वेगळा, ओल्या हाताने मातीचा गोळा खाली ओढत ओढत काढलेला, तोही त्याच बेताला आलेला हवा. दोन्ही जागी सुईने आडव्याउभ्या रेघा मारायच्या, त्यात त्याच मातीचा पातळ लगदा भरायचा आणि दाबून बसवायचं. त्यानंतर प्लास्टिकखाली सावकाश सुकवायचं. कान पातळ असल्यामुळे तो आधी सुकतो, आधी आकसतो, आणि भिंत अजून ओली असली की सांध्यात चीर पडते. सुकणं आणि दोन्ही भाजण्या धरून माझी माती सुमारे बारा टक्के आकसते. ओला अकरा सेंटिमीटरचा मग भट्टीतून पावणेदहाचा होऊन निघतो. एवढी आकसाआकसी चालू असताना कान आणि भिंत बरोबरीने चालली नाहीत, तर कुठेतरी फाटणारच.

हे सगळं मी त्या बाईंना लिहिलं आणि सांगितलं की खरा कान दोन्हीकडे जोडलेला आहे. त्यांचं उत्तर आलं, “ते कळलं हो ताई, पण चित्रात तर नाही.” याला उत्तर नव्हतं. चित्र दुरुस्त करायला बसले.

साधन पोट इतकं छान काढतं आणि कानात का गडबडतं, हे आधी समजून घ्यावंसं वाटलं. अशी बहुतेक साधनं सुरुवात करतात ती नुसत्या खळबळीपासून, म्हणजे रंगीत मुंग्यांनी भरलेल्या चौकोनापासून. पायरीपायरीने त्यातली खळबळ काढत जातात, आणि प्रत्येक पायरीला वर्णनाशी जुळणाऱ्या चित्रांत अशा जागी साधारण काय असतं त्याचा अंदाज बांधतात. मगाचं पोट हजारो फोटोंत जवळपास सारखंच दिसतं. कान तसा नाही. कधी उजवीकडे, कधी डावीकडे, कधी अर्धा लपलेला, कधी हाताखाली. त्यातून ‘कान म्हणजे एक सलग पट्टी, तिची दोन टोकं, दोन्ही भिंतीत रुतलेली’ असा काही नियम त्या साधनात कुठे लिहून ठेवलेला नसतो. ते ठिपक्यांवरून दिसणं शिकलेलं असतं, वस्तू कशी जोडली आहे हे नाही. शिवाय ही साधनं पुष्कळदा मूळ ठिपक्यांवर काम न करता आकसलेल्या जाळीवर करतात. स्टेबल डिफ्युजन या अशाच एका साधनाच्या पहिल्या आवृत्त्यांत 512 बाय 512 ठिपक्यांचं चित्र आतमध्ये 64 बाय 64 घरांच्या जाळीवर तयार व्हायचं, म्हणजे एका घरात आठ बाय आठ ठिपके. मी वापरलेलं साधन वेगळं होतं, पण तत्त्व हेच, आणि कानाच्या खालच्या सांध्यासारखी बारीक जागा अशा जाळीवर दोनचार घरांत संपते. कानाच्या भोकातून दिसणारं टेबल हा आणखी वेगळा तुकडा. तो बाहेरच्या टेबलाचाच भाग आहे हे लक्षात ठेवावं लागतं, आणि नेमकं तिथेच ते घसरतं.

दुरुस्तीची सरळ वाट म्हणजे चित्रातला तेवढा भाग ब्रशने झाकायचा आणि तोच पुन्हा काढून घ्यायचा. यात एक कळ असते, शून्य ते एक, जुन्या चित्रावर किती खळबळ पुन्हा मिसळायची याची. मी आधी ती खाली ठेवली, बाकीचं चित्र बिघडू नये म्हणून. काही उपयोग झाला नाही. जुना आकार खालून डोकावत राहिला आणि विरलेलं टोक आणखी मऊ होऊन विरलं. कळ वर नेली तेव्हा कान नवा आला, पण उजेड उजवीकडून पडलेला. चूक कळेची नव्हती, झाकलेल्या जागेची होती. मी फक्त कान झाकला होता. सांधा तर भिंतीत असतो, म्हणून भिंतीचा चांगला तळहाताएवढा भाग, भोकातलं टेबल, मागची कड आणि खालची सावली, सगळं झाकायला हवं होतं. तसं केल्यावर बऱ्याच खटपटीनंतर एक चित्र निघालं ज्यात कान दोन्हीकडे घट्ट बसला होता, कड सरळ जात होती आणि सावलीला भोकही होतं.

ते लावायला निघाले होते, पण समोरच फळीवर खरे मग सुकत होते. त्यातला एक उचलून पडद्याशेजारी धरला. माझ्या कानाचं खालचं टोक मी अंगठ्याने दाबून बसवते, तिथे अंगठ्याएवढा खळगा राहतो आणि ग्लेझ त्यात साचतं. चित्रातला कान साच्यातून काढल्यासारखा गुळगुळीत. माझ्या कानात दोन बोटं नीट जातात, तिसरं बाहेरून टेकतं. चित्रातल्या कानात चारही मावली असती. आधीच्या चित्रातली चूक निदान दिसत तरी होती, लोकांनी ती पकडून मला विचारलं. या चित्राला कुणी काही विचारलं नसतं, आणि चार बोटांचा कान समजून पैसे भरले असते. ते चित्र मी पुसून टाकलं.

आणखी एक वाट होती. आकार तर जुनाच होता, आधीच्या खेपेतला पांढरा मग घरात होता. त्याचा फोटो काढायचा, फोटोतला मग कापून घ्यायचा, आणि त्याला हात न लावता फक्त मागचं टेबल आणि खिडकी साधनाकडून काढून घ्यायची. मग खरा, पार्श्वभूमी साधनाची. ऐकायला निर्धोक वाटतं. पहिली अडचण कापतानाच आली. आपोआप निवडणाऱ्या हत्याराने कानाचं भोकही मगातच धरलं, त्यामुळे नव्या चित्रात भोकातून माझ्या कामाच्या जागेचं करडं कापड दिसत राहिलं. ते हाताने कापून मोकळं केलं. दुसरी अडचण जास्त चिवट निघाली. नव्या चित्रात कान किंचित जाड वाटत होता. नुसत्या डोळ्यांना खात्री पटेना, तेव्हा मूळ फोटो नव्या चित्रावर बरोबर जुळवून ठेवला आणि थराची पद्धत ‘फरक’ केली. यात दोन्ही थर सारखे असतात तिथे पडदा काळा होतो. मगाचं पोट काळंकुट्ट झालं, पण कानाच्या बाहेरच्या धारेला नखाएवढी उजळ चंद्रकोर चमकत राहिली. पार्श्वभूमी उजळ असणार हे अपेक्षितच होतं, पण नव्या चित्रात या चंद्रकोरीच्या जागी मगाचाच रंग होता. साधनाला मगाची कड दिसली आणि वस्तू इथेच संपते यावर त्याचा विश्वास बसला नाही. त्याने ती थोडी वाढवली. मूळ मग पुन्हा वर चिकटवूनही हे झाकत नाही, कारण वाढलेला भाग मूळ मगाच्या बाहेर असतो. तो हाताने पुसायचा किंवा पार्श्वभूमी पुन्हा काढून घ्यायची. खरी वस्तू ठेवून मागचं दृश्य बदलणाऱ्यांनी ही ‘फरक’ची तपासणी जरूर करावी, विशेषतः कान, झाकणाची मूठ, चोच अशा बाहेर आलेल्या भागांवर.

तोवर पहिली भाजणी उरकली होती, ग्लेझ लावून झालं होतं आणि भट्टी 1240 अंशांच्या वाटेवर होती. पांढरा मग दाखवून काळा विकायचा आणि त्यासाठी एवढी कारागिरी करायची, याला माझ्या लेखी काही अर्थ उरला नाही. दुकानावरचं चित्र उतरवलं, नोंदणी थांबवली आणि ज्यांनी नाव नोंदवलं होतं त्यांना कळवलं की भट्टी उघडली की खरा फोटो पाठवते, तो बघून नक्की करा.

भट्टी उघडली. तेनमोकू जसं फुटायला हवं तसंच फुटलं होतं, काठावर तांबूस, खाचेत काळं. कानाच्या ओढीने काही मगांचा काठ किंचित लांबट झाला होता, ते होतंच. दोन मगांच्या वरच्या सांध्याला केसाएवढी चीर होती. काळ्या ग्लेझमध्ये ती डोळ्यांना दिसत नाही. मग तळहातावर ठेवून टिचकी मारली तर धड मग वाजतो आणि चिरलेला ठप्प बोलतो. ते दोन्ही बाजूला काढले.

फोटोसाठी मग ठेवताना कान अगदी बाजूला न ठेवता थोडा पुढे वळवला. सरळ बाजूला ठेवला की कान सपाट दिसतो आणि खालचा सांधा पोटाच्या गोलाईत दडतो. पुढे वळवला की दोन्ही सांधे आणि भोक एकाच नजरेत येतात. दुसरा फोटो फक्त खालच्या सांध्याचा, जवळून, अंगठ्याच्या खळग्यासकट. तिसरा, दोन बोटं घातलेल्या हाताचा. काही जणांनी नोंदणी मागे घेतली, कारण चित्रातला काळा अधिक गहिरा होता. चाकावर बसणाऱ्या त्या गृहस्थाने एक मग घेतला आणि खळगा अंगठ्याचा आहे की हत्याराचा एवढंच विचारलं.

आणि ज्या बाईंनी सगळ्यात आधी निरोप पाठवला होता त्यांनी लिहिलं, “खरं सांगू का, मला तो खालून मोकळा कानच आवडला होता. तसा कराल का?”

करून बघितला. सुकताना काही झालं नाही, पहिल्या भाजणीतही नाही. ग्लेझच्या भाजणीत मात्र कान खाली आला आणि त्याचं मोकळं टोक पोटाला टेकून ग्लेझने तिथेच चिकटलं. 1240 अंशांना ही माती घट्ट होता होता थोडी मऊ पडते, आणि एका बाजूने अधांतरी असलेला कान स्वतःच्या वजनाने वाकतो. जोडलेल्या कानाचं असं होत नाही, कारण खालचा सांधा त्याला धरून असतो. पुढच्या वेळी कान मुळाशी जवळजवळ दुप्पट रुंद आणि टोकाकडे पातळ घेतला, म्हणजे वजन सांध्याजवळ राहील. टोक पोटापासून चांगलं बोटभर दूर ठेवलं आणि लागणारी वाकण धरून वळण मुद्दाम थोडं वर उचललेलं दिलं. टोकाला ग्लेझ लावलंच नाही, म्हणजे टेकलाच तरी चिकटणार नाही. भट्टीत तो उतरला, पण हवा तेवढाच. मग मात्र लहान केला, 200 मिलीचा, कारण एका सांध्यावर साडेसहाशे ग्रॅम लटकवायची माझी तयारी नव्हती. बाईंना तसं कळवलं, फोटो पाठवला, आणि त्यांनी तसेच आणखी दोन सांगितले.